वरचा हॉल म्हणजेच सेमिनार हॉल: परिषदेच्या कार्यक्रमाचा तक्ता मांडताना

आमच्या महाविद्यालयात पाणी या विषयावर दोन दिवसांची परिषद होती. कार्यक्रम ठरवला निमंत्रक सरांनी. सत्रं, खोल्या, सत्राध्यक्ष, कोण कधी येणार आणि कोणाला लवकर निघायचंय, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मी समितीत होते आणि माझ्याकडे छापील कार्यक्रमपत्रिकेचं काम होतं. परिषदेच्या पाच दिवस आधी सरांनी पहिल्या दिवसाचा कार्यक्रम मजकूर म्हणून पाठवला. फोनवर टाइप केलेला, मग मेलमध्ये चिकटवलेला. इथे मी त्या एका दिवसाच्याच मजकुराबद्दल लिहितेय, कारण तक्ता मांडताना जे जे चुकू शकतं ते जवळपास सगळं त्या वीस-बावीस ओळींत होतं.

मजकूर असा होता (सत्राध्यक्षांची नावं वगळली आहेत):

```
दिवस पहिला
9 ते 10 नोंदणी (व्हरांडा)
10.00-10.45 उद्घाटन, मुख्य सभागृह
10.45 ते 11.30 बीजभाषण (ऑडी)
11.30 चहा, व्हरांडा
११.४५ ते १ समांतर सत्रे
   भूजल 1 : सेमिनार हॉल (4 पेपर)
   नदी 1 : ऑडी (3 पेपर)
   शेती 1 : 204 (3)
1-2 जेवण (कँटीन)
2-3.15 समांतर सत्रे
   भूजल 2 : खोली 204 (2 पेपर)
   नदी 2 : सेमिनार हॉल (2)
   धोरण 1 : मुख्य सभागृह (3)
2 ते 4.45 भूजल कार्यशाळा, संगणक कक्ष (30 जागा)
3.15 चहा
3.30-4.45 समांतर सत्रे
   धोरण 2 : ऑडी (3)
   नदी 3 : 204 (3)
   शेती 2 : वरचा हॉल (3 ते 4.15) (3)
5 वा. समारोप, मुख्य सभागृह, 5.30 पर्यंत
तसेच पोस्टर व्हरांड्यात 3 ते 4.30
```

वाचायला यात काहीच अडचण नाही. सरांनी हाच मजकूर समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला होता आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. नऊ-दहा जणांनी ऐकला, पण त्यात दोन सत्रं एकाच खोलीत एकाच वेळी ठेवलेली आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. यादी वरून खाली वाचली जाते आणि आपण प्रत्येक ओळ तिच्यापुरती तपासतो. खोलीचा हिशेब मात्र आडवा असतो. तो तक्त्यातच दिसतो, आणि तोही तक्ता नीट मांडला असेल तरच.

पहिला तक्ता आमच्या तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने केला. मुलगा मेहनती, रात्री बसून वर्डमध्ये सुबक तक्ता केला होता त्याने. स्तंभ चार: भूजल, नदी, शेती, धोरण. ओळी आठ: सकाळ, चहा, समांतर सत्र पहिलं, जेवण, समांतर सत्र दुसरं, चहा, समांतर सत्र तिसरं, समारोप. प्रत्येक उपविषयाला, म्हणजे ज्याला आम्ही सगळे ट्रॅकच म्हणतो त्याला, वेगळा रंग. मला बघताक्षणी आवडला. मग मी मूळ मजकुरातल्या बाबी मोजल्या: नोंदणी, उद्घाटन, बीजभाषण, दोन चहा, जेवण, नऊ सत्रं, कार्यशाळा, पोस्टर, समारोप. एकूण 18. तक्त्यात भरल्या होत्या 17. पोस्टर राहून गेले होते. ती ओळ सर्वांत शेवटी होती, "तसेच" म्हणून सुरू होणारी आणि वेळ मागे लिहिलेली, त्यामुळे ती सूचनेसारखी वाचली गेली होती.

ही मोजणी मी आता सगळ्यांत आधी करते. चिकटवलेल्या मजकुरात किती बाबी आहेत हे एका कागदावर लिहून ठेवायचं, आणि शेवटी तक्त्यात तितक्याच उतरल्यात का ते पाहायचं. त्याला दोन मिनिटं लागतात.

पोस्टर घालायला मी त्या तक्त्यात जागा शोधू लागले आणि सापडेना. पोस्टर 3 ते 4.30. तक्त्यात समांतर सत्रांची दुसरी ओळ 2 ते 3.15 ची, तिसरी 3.30 ते 4.45 ची. पोस्टर दोन्हींत थोडे थोडे. मुलाने कार्यशाळाही फक्त दुसऱ्या ओळीत लिहिली होती, कंसात "4.45 पर्यंत" अशी टीप देऊन. तेव्हा मला कळलं की ओळींचीच मांडणी चुकलीय. "समांतर सत्र दुसरं" हे सरांनी लिहिण्याच्या सोयीसाठी दिलेलं मथळ्याचं नाव होतं. ती वेळ नव्हती. तक्त्याच्या ओळी मथळ्यांवरून घेतल्या तर प्रत्येक सत्र कुठल्या तरी मथळ्यात कोंबावं लागतं, आणि कोंबताना त्याची खरी वेळ हरवते.

स्तंभांचंही तसंच. भूजल कार्यशाळा आणि भूजल 2 दोन्ही दुपारी 2 वाजता, दोन्ही भूजलच्याच स्तंभात, म्हणजे एका चौकटीत दोन बाबी. उद्घाटन कुठल्या ट्रॅकमध्ये? कुठल्याच नाही. ट्रॅकला एका वेळी दोन सत्रं चालतात, शून्यही चालतात. खोलीला मात्र एका वेळी एकच चालतं. म्हणून स्तंभ खोल्यांचे ठेवायचे आणि ट्रॅक हे चौकटीवरचं चिन्ह समजायचं. एखाद्या लहान परिषदेत प्रत्येक ट्रॅक दिवसभर एकाच खोलीत बसत असेल तर दोन्ही सारखंच. आमच्याकडे भूजल सकाळी सेमिनार हॉलमध्ये आणि दुपारी 204 मध्ये होतं.

तक्ता बाजूला ठेवला आणि मी साधी यादी करायला घेतली. एका सत्राला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत सगळं लिहिलेलं: सुरुवात, शेवट, खोली, ट्रॅक, शीर्षक, सत्राध्यक्ष, पेपर किती. "सगळं लिहिलेलं" यावर माझा भर आहे, कारण मूळ मजकुरात आत सरकवलेल्या ओळींना स्वतःची वेळ नसते, ती वरच्या मथळ्यावरून घ्यायची असते. माणूस ती आपोआप घेतो. पण मजकूर शीटमध्ये चिकटवला की आत सरकवलेली जागा उडते, मथळाही एक साधी ओळ होतो आणि त्याखालची सत्रं बिनवेळेची उरतात. म्हणून मथळ्याची वेळ खालच्या प्रत्येक ओळीत हाताने उतरवायची आणि मग मथळा काढून टाकायचा.

उतरवताना एक गोष्ट पाहायची: एखाद्या ओळीने स्वतःची वेगळी वेळ सांगितलीय का. शेती 2 ने सांगितली होती. ती 3.30 च्या मथळ्याखाली होती, पण कंसात "3 ते 4.15". विद्यार्थ्याने मथळा धरला आणि कंस सोडला. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. आता नियम असा धरलाय की मथळ्यातल्या वेळेपेक्षा ओळीतली वेळ खरी मानायची, आणि दोन्ही वेगळ्या असतील तर लिहिणाऱ्याला फोन करायचा.

"सर, शेती 2 नक्की किती वाजता?"

"तीनला. त्यांच्या अध्यक्षांना साडेचारला निघायचंय ना, म्हणून अलीकडे घेतलं."

म्हणजे कंसच बरोबर होता.

आता वेळांच्या लिखाणाबद्दल. आपण मराठीत वेळ टिंबाने लिहितो, 10.30. शीटला हे टिंब दशांशचिन्ह वाटतं. 10.30 चं 10.3 होतं, आणि नंतर 11.30 मधून 10.45 वजा केले तर उत्तर 0.85 येतं. बीजभाषण खरं तर 45 मिनिटांचं. "1-2 जेवण" मधून वेळ वेगळी काढून विद्यार्थ्याने ती एका चौकटीत टाकली, तर तिथे `01-Feb` उगवलं. शीटची भाषा-मांडणी वेगळी असती तर 2 जानेवारी झालं असतं. आणि "११.४५" हे देवनागरी आकडे आमच्या शीटमध्ये नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसले. डावीकडे बसलेला आकडा ही ओळखायची सोपी खूण आहे. शीट ज्याला संख्या मानतं ते उजवीकडे जातं.

शिवाय "1" म्हणजे दुपारचा 1 आणि "9" म्हणजे सकाळचे 9, हे शीटला कुठून कळणार? वेळेवरून यादी लावली तर जेवण नोंदणीच्या आधी आलं. दिवसाची परिषद 9 ते 5.30 असल्यामुळे 1 ते 8 मधला कुठलाही तास दुपारनंतरचा, त्यात 12 मिळवायचे, इतका नियम पुरला. रात्रीचे सांस्कृतिक कार्यक्रम असते तर 9 कुठला हे पाहावं लागलं असतं.

मी सगळ्या वेळा मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत केल्या. 10.30 म्हणजे 630, दुपारचे 2 म्हणजे 840, 3.15 म्हणजे 915. शीटमध्ये वेळ तासाच्या स्वरूपातही ठेवता येते, पण आतून ती दिवसाचा अपूर्णांक असते, आणि "हे सत्र संपतं तिथेच ते सुरू होतं" अशी तुलना करताना अपूर्णांक कधी कधी केसभर चुकतात. पूर्ण मिनिटं चुकत नाहीत. छापताना परत 3.15 करायचं एवढंच.

दोन बाबींना शेवट नव्हता: दोन्ही चहा. 11.30 च्या चहानंतर 11.45 ला सत्रं सुरू, म्हणजे चहा 15 मिनिटांचा. 3.15 चा तसाच 3.30 पर्यंत. शेवट नसेल तर पुढच्या बाबीची सुरुवात धरायची हे ठीक, पण अशी धरलेली वेळ मी शीटमध्ये पिवळी करून ठेवते. ती आपण ठरवलेली असते, कोणी सांगितलेली नसते, आणि विचारायच्या यादीत ती जायला हवी.

खोल्यांच्या नावांत मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मजकुरातली सगळी खोल्यांची नावं एका कागदावर उतरवली: व्हरांडा, मुख्य सभागृह, ऑडी, सेमिनार हॉल, 204, खोली 204, संगणक कक्ष, वरचा हॉल, कँटीन. नऊ नावं. ऑडी म्हणजे मुख्य सभागृह, हे आवारातल्या प्रत्येकाला माहीत. पाहुण्यांना मात्र नाही, त्यामुळे छापील पत्रिकेत दोन्ही नावं आली असती तर काही जण नक्कीच दुसरी इमारत शोधत फिरले असते. 204 आणि खोली 204 एकच. वरचा हॉल? आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक जुना वाचनकक्षही आहे, त्यालाही काही जण वरचा हॉल म्हणतात. विद्यार्थ्याने तसंच समजून शेती 2 पुढे वाचनकक्ष लिहिला होता.

पुन्हा फोन. सर म्हणाले, "अहो मॅडम, वरचा हॉल म्हणजे आपला सेमिनार हॉलच की."

नऊ नावांच्या सहा जागा झाल्या. हे जोपर्यंत केलेलं नसतं तोपर्यंत पुढची कुठलीही तपासणी खोटा दिलासा देते, कारण शीटच्या दृष्टीने "वरचा हॉल" आणि "सेमिनार हॉल" या दोन वेगवेगळ्या खोल्या असतात आणि दोन खोल्यांत एकाच वेळी दोन सत्रं असली तर बिघडतं काय?

मग तपासणी लावली. दोन बाबी एकमेकींवर येतात म्हणजे काय, तर पहिली दुसरीच्या शेवटाआधी सुरू होते आणि दुसरी पहिलीच्या शेवटाआधी सुरू होते. हे दोन्ही एकदम खरं असेल आणि खोली एकच असेल तर टक्कर. माझ्या शीटमध्ये सुरुवात B स्तंभात, शेवट C मध्ये आणि खोली D मध्ये होती, तर सूत्र असं:

```
=COUNTIFS(D:D,D2,B:B,"<"&C2,C:C,">"&B2)
```

प्रत्येक बाब स्वतःशी जुळतेच, म्हणून उत्तर 1 आलं तर सगळं ठीक. 2 किंवा जास्त आलं तर त्या ओळीकडे बघायचं. एक संपतं तिथेच दुसरं सुरू होतं, अशा चिकटलेल्या सत्रांना हे सूत्र टक्कर मानत नाही, ते योग्यच. मात्र दोन सत्रांमध्ये माणसं उठायला, लॅपटॉप बदलायला काही मिनिटं लागतात, ती आपण वेगळी पाहायची.

18 ओळींपैकी चार ओळींत 2 आलं. दोन होत्या चहा आणि पोस्टर, दोन्ही व्हरांड्यात 3.15 ते 3.30. ते मुद्दामच तसं होतं, लोकांनी चहा घेत पोस्टर पाहावेत म्हणून. उरलेल्या दोन: नदी 2, सेमिनार हॉल, 840 ते 915. शेती 2, सेमिनार हॉल, 900 ते 975. तीन ते सव्वातीन ही पंधरा मिनिटं दोन सत्रं एकाच हॉलमध्ये होती.

ही टक्कर दोन पडद्यांमागे होती. एक, खोलीचं नाव दोन प्रकारे लिहिलेलं. दोन, शेती 2 ची खरी वेळ मथळ्याखाली दबलेली. विद्यार्थ्याच्या पहिल्या तक्त्यात ती दिसणं शक्यच नव्हतं. तिथे नदी 2 दुसऱ्या ओळीत होतं, शेती 2 तिसऱ्या ओळीत आणि वेगळ्या स्तंभात. तक्ता जितका सुबक तितकी ती जास्त लपली होती. पत्रिका तशीच छापली गेली असती तर तीन वाजता शेतीचे अध्यक्ष दार उघडून आत आले असते आणि आत नदीवर कोणी तरी बोलत असतं. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला आपण असं दारात उभं करणं मला फार लागतं.

आता सोडवायचं कसं? शेती 2 मागे ढकलता येत नव्हतं, अध्यक्ष निघणार होते. तीन वाजता दुसरी खोली रिकामी आहे का पाहिलं: मुख्य सभागृहात धोरण 1, खोली 204 मध्ये भूजल 2, संगणक कक्षात कार्यशाळा. कुठेच नाही. वाचनकक्षात प्रोजेक्टर नाही.

उत्तर शेवटच्या स्तंभात मिळालं, पेपरच्या संख्येत. सरांनी प्रत्येक पेपरला 25 मिनिटं दिली होती, 15 मिनिटं मांडणी आणि 10 मिनिटं चर्चा. 75 मिनिटांचं सत्र म्हणजे तीन पेपर. नदी 2 मध्ये दोनच होते, कारण तिसऱ्याने माघार घेतली होती. दोन पेपर म्हणजे 50 मिनिटं, म्हणजे सत्र खरं तर 2.50 लाच संपणार. सर हेच धरून चालले होते! तीन वाजता हॉल मोकळा असणार हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, फक्त लिहिताना नदी 2 मथळ्याच्या 2-3.15 खाली आलं. नदी 2 चा शेवट 915 ऐवजी 890 केला आणि दोन्ही ओळींतला 2 जाऊन 1 आला. मध्ये दहा मिनिटं मोकळीही मिळाली.

तोच स्तंभ वरून खाली पाहिला तर भूजल 1 मध्ये चार पेपर, 75 मिनिटांत. 100 लागतील. आणि भूजल 2 मध्ये दोनच. एक पेपर सकाळचा दुपारी न्यायचा हे उघड होतं, पण कुठला ते आपण परस्पर ठरवायचं नाही. पहिल्या प्राध्यापिकेला विचारलं तर त्या दोनच्या एसटीने परत जाणार होत्या. दुसऱ्यांनी आनंदाने होकार दिला. सगळ्या सत्रांचे पेपर मिळून 26 झाले. स्वीकारलेल्या पेपरांच्या यादीत 27 होते, त्यातली माघार एक. जुळलं.

माणसांची तपासणीही याच सूत्राने करता येते, खोलीच्या जागी नाव ठेवून. पण नावं खोल्यांपेक्षा अवघड. सकाळी भूजल 1 च्या सत्राध्यक्ष म्हणून एक पूर्ण नाव होतं आणि त्याच वेळी नदी 1 मध्ये त्याच आडनावाच्या "मॅडम" पेपर वाचणार होत्या. विद्यार्थी म्हणाला, दुसरी टक्कर सापडली. विचारलं तर त्या दोघी वेगळ्या, वेगळ्या गावच्या. खोल्यांची नावं एकत्र करताना जी घाई चालते ती माणसांच्या नावांत चालत नाही. तिथे आडनावापुढे पूर्ण नाव मिळेपर्यंत ओळ कच्चीच ठेवायची.

आता तक्ता. ओळी कशा ठरवायच्या, तर यादीतल्या सगळ्या सुरुवाती आणि सगळे शेवट एकत्र घ्यायचे, पुन्हा आलेले काढायचे, आणि क्रमाने लावायचे. दुपारपुरतं पाहिलं तर 2.00, 2.50, 3.00, 3.15, 3.30, 4.15, 4.30, 4.45, 5.00, 5.30. प्रत्येक दोन वेळांमधली पट्टी म्हणजे एक ओळ. सत्र आपल्या सुरुवातीच्या ओळीत लिहायचं आणि शेवटाच्या ओळीपर्यंत चौकट खाली ओढायची. दुपारचा भाग असा आला, यात बाण म्हणजे वरचंच सत्र चालू:

| वेळ | मुख्य सभागृह | सेमिनार हॉल | खोली 204 | संगणक कक्ष | व्हरांडा |
|---|---|---|---|---|---|
| 2.00 | धोरण 1 | नदी 2 | भूजल 2 | भूजल कार्यशाळा | |
| 2.50 | ↓ | | ↓ | ↓ | |
| 3.00 | ↓ | शेती 2 | ↓ | ↓ | पोस्टर |
| 3.15 | | ↓ | | ↓ | पोस्टर, चहा |
| 3.30 | धोरण 2 | ↓ | नदी 3 | ↓ | पोस्टर |
| 4.15 | ↓ | | ↓ | ↓ | ↓ |
| 4.30 | ↓ | | ↓ | ↓ | |
| 4.45 | | | | | |
| 5.00 | समारोप | | | | |

चहाकडे पाहा. पहिल्या तक्त्यात चहाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत होती, जशी बहुतेक पत्रिकांत असते. पण 3.15 ला कार्यशाळा चालू आहे आणि शेती 2 सुद्धा. आडवी पट्टी घातली की ती दोन्ही सत्रं मधोमध कापली जातात, आणि कार्यशाळेतल्या तीस मुलांना वाटतं की आपल्यालाही सुट्टी आहे. खोल्यांचे स्तंभ केल्यावर चहा आपल्या जागी, व्हरांड्यात, गेला. त्यावरून कँटीनला सांगता आलं की संगणक कक्षात तीस आणि सेमिनार हॉलमध्ये पन्नासेक कप वर पाठवा. जेवणाची पट्टी मात्र आडवीच ठेवली, कारण 1 ते 2 खरोखर कुठेच काही नव्हतं.

ओळींची उंची वेळेच्या प्रमाणात ठेवावी असं मला फार वाटत होतं, लांब सत्र लांब दिसावं म्हणून. हिशेब केला. 9 ते 5.30 म्हणजे 510 मिनिटं. आडव्या ए-फोर कागदावर मथळा आणि समास सोडून साधारण 170 मिलिमीटर उंची मिळते, म्हणजे एका मिलिमीटरला 3 मिनिटं. 15 मिनिटांच्या चहाला 5 मिलिमीटर, त्यात एक ओळ जेमतेम बसते. 2.50 ते 3.00 च्या पट्टीला 3 मिलिमीटर, त्यात काहीच बसत नाही. म्हणून भिंतीवरच्या ए-थ्री कागदावर उंची प्रमाणात ठेवली आणि हातात द्यायच्या पत्रिकेत ठेवली नाही. हातातल्या पत्रिकेत त्याऐवजी प्रत्येक चौकटीत सुरुवातीची आणि शेवटाची वेळ आकड्यांत लिहिली, डावीकडच्या स्तंभावर विसंबलो नाही.

रंगही काढावे लागले. पत्रिकेच्या तीनशे प्रती झेरॉक्सवर काळ्या-पांढऱ्या निघणार होत्या. विद्यार्थ्याचा हिरवा आणि निळा झेरॉक्सवर एकच करडा आला. तेव्हा ट्रॅकचं अक्षर चौकटीच्या कोपऱ्यात ठळक छापलं: भू, न, शे, धो. भिंतीवरच्या प्रतीत रंग ठेवले, पण अक्षरासकट.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला की जेवणाची रांग लांबणार, कार्यशाळा 2 ऐवजी 2.15 ला सुरू करा. विद्यार्थ्याने तक्ता उघडून चौकटीतला आकडा बदलायला घेतला. मी थांबवलं. बदल यादीत करायचा, 840 चे 855. मग 2.15 ही नवी वेळ तयार होते, तक्त्यात एक नवी ओळ येते आणि संगणक कक्षाची चौकट एक ओळ खाली सरकते. नुसता आकडा बदलला असता तर चौकट 2.00 च्याच ओळीत राहिली असती, आणि शिवाय यादी जुनी उरली असती. यादी जुनी उरणं जास्त वाईट, कारण तक्त्याखेरीज आणखी तीन कागद आम्ही त्याच यादीतून काढत होतो. खोलीप्रमाणे लावून दारावर चिकटवायचे कागद. ट्रॅकप्रमाणे लावून फोनवर पाठवायचा मजकूर, कारण सहा स्तंभांचा तक्ता फोनवर कोणालाच वाचता येत नाही, तिथे "भूजल: 11.45 सेमिनार हॉल, 2.00 खोली 204" असं ओळीने लिहिलेलंच बरं. आणि सत्राध्यक्षाप्रमाणे लावून प्रत्येकाच्या फाइलमध्ये ठेवायची चिठ्ठी. चारही कागदांच्या तळाशी यादीची तारीख आणि वेळ छापली, म्हणजे जुना कागद हातात आला तर ओळखता येतो.

दारावरचे कागद लावताना पोस्टरच्या परीक्षकांपैकी एक जण भेटले. त्यांनी विचारलं की समारोपात बक्षिसं जाहीर करायची तर आम्ही तिघांनी बसून गुण कुठे एकत्र करायचे? याचा कार्यक्रमात कुठेच उल्लेख नव्हता. भिंतीवरच्या तक्त्यात सेमिनार हॉलचा स्तंभ 4.15 नंतर पांढरा होता आणि पोस्टर 4.30 ला संपत होते. तिथेच उभं राहून वेळ ठरली आणि यादीत एकोणिसावी ओळ घातली: 990, 1020, सेमिनार हॉल, परीक्षकांची बैठक.